सहा लाख तीस हजारांची शेवटची नोटीस

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसीचं छोटं वर्कशॉप आहे. उद्यम नोंदणी २०२१ पासून आहे, 'सूक्ष्म' गटात. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं जॉबवर्क करतो. जून, जुलै, ऑगस्टची तीन बिलं अडकली आहेत, टीडीएस वजा जाता ६,३०,००० रुपये. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, ६० दिवसांचं क्रेडिट आहे. व्याजाबद्दल पीओत काही नाही, पण माझ्या बिलाखाली '२४ टक्के व्याज' छापलेलं आहे. पर्चेसवाले दर वेळी 'पुढच्या आठवड्यात बघतो' म्हणतात. तगादा वाढवला तर ऑक्टोबरात जुलैच्या मालासाठी ३८,००० ची डेबिट नोट व्हॉट्सअ‍ॅपवर आली. त्यांची काही कास्टिंग्ज अजून माझ्याकडे पडून आहेत, ती अडवून ठेवू का? आणि शेवटची नोटीस स्वतः लिहायची तर कशी? पीओच्या अटींचे आणि चलनांचे फोटो जोडले आहेत.

— एक वाचक, भोसरी

उत्तर : फोटो पाठवलेत हे बरं केलंत, कारण तुमच्या नोटिशीचा सगळा जोर त्या चलनांवरच्या गेट-शिक्क्यांत आहे. तिन्ही चलनांवर त्यांच्या गेटचा इनवर्ड शिक्का आहे : १६ जून, १७ जुलै आणि १६ ऑगस्ट २०२५. बिलंही त्याच तारखांची आहेत. मोजायला सुरुवात इथून करायची.

तुमच्या पीओची सहावी अट म्हणते की जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाल्यापासून ६० दिवसांनी पैसे. जीआरएन त्यांचं स्टोअर करतं, त्यांना हवं तेव्हा. तुमचा जूनचा माल गेटातून आत गेला १६ तारखेला आणि जीआरएन पडलं ३० तारखेला, म्हणजे चौदा दिवस तिथेच गेले. पण सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे द्यायचे असतील तर ही अट तशीच्या तशी चालत नाही. एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ प्रमाणे करारात काहीही लिहिलं असलं तरी मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही. हे दिवस मोजायचे माल प्रत्यक्ष पोचला त्या दिवसापासून, मात्र पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतलेली नसावी. म्हणून तुमच्या मुदती अशा संपल्या : जूनच्या मालाची ३१ जुलैला, जुलैच्या मालाची ३१ ऑगस्टला, ऑगस्टच्या मालाची ३० सप्टेंबरला. नोटिशीत 'बऱ्याच महिन्यांपासून थकबाकी आहे' असं मोघम लिहू नका. या तीन तारखा लिहा, त्यावर समोरच्याला 'आमच्या सिस्टीमला वेगळं दिसतंय' म्हणता येत नाही.

एक गोष्ट आधी तपासा. उद्यम नोंदणी या पीओच्या आणि मालाच्या आधीची हवी. नंतर नोंदणी करून जुन्या बिलांसाठी हा फायदा मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पुढच्या काही निकालांत यावर वेगळा सूरही निघाला आहे, पण तुमची नोंदणी २०२१ ची असल्याने त्या वादात तुम्हाला पडायचं कारण नाही. नोटिशीला उद्यम प्रमाणपत्राची प्रत जोडा. जुन्या पीओच्या वेळी ती दिली नसेल, तर त्यांच्या अकाउंट्सने तुम्हाला साध्या व्हेंडरच्या यादीत टाकलेलं असण्याची शक्यता बरीच आहे.

आता व्याज. बिलाखाली छापलेले २४ टक्के विसरा. ते तुम्ही एकट्याने छापलं आहे. त्यांनी पीओत ते मान्य केलेलं नाही, आणि कोर्टात पहिला आक्षेप त्यावरच येईल. तुम्हाला त्याची गरजही नाही. याच कायद्याचं कलम १६ म्हणतं की मुदत चुकली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, करारात काही असो वा नसो. ६ जून २०२५ पासून बँक रेट ५.७५ टक्के होता, म्हणजे तिप्पट १७.२५ टक्के, महिन्याला १.४३७५ टक्के. ५ डिसेंबरला तो ५.५० झाला, तिथून पुढे तिप्पट १६.५० टक्के. काही जण पहिल्या दिवसाचा दर शेवटपर्यंत ओढतात. मी दर जसा बदलला तसा धरतो. रक्कम थोडी कमी निघते, पण त्यावर बोट ठेवता येत नाही.

हिशोब नोव्हेंबरअखेर तोडू, म्हणजे सगळे महिने पूर्ण येतात. जूनचं बिल २,४०,००० चं. ऑगस्टचं व्याज ३,४५०. सप्टेंबरला ते मुद्दलात मिळवून २,४३,४५० वर व्याज, म्हणजे साधारण ३,५००. असं चार महिने केलं की १४,१०० होतात. जुलैच्या १,८०,००० वर तीन महिन्यांचे ७,८७५. ऑगस्टच्या २,१०,००० वर दोन महिन्यांचे ६,०८१. एकूण २८,०५६ रुपये. आकडा फार मोठा नाही, हे मान्य. पण हे व्याज कंपनीला खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही, आणि थकलेली रक्कम व व्याज त्यांना ताळेबंदाच्या टिपांत उघड करावं लागतं. त्यांच्या सीएला हे दोन्ही माहीत असतं, पर्चेसवाल्याला नसतं. म्हणूनच नोटीस पर्चेसला पाठवायची नाही.

(ज्या वाचकांकडे उद्यम नोंदणी नाही किंवा जे फक्त ट्रेडिंग करतात, त्यांना हा दर मिळत नाही. करारात व्याजाचा दर असेल तर तो लागतो. नसेल तर १९७८ च्या व्याज कायद्याप्रमाणे लेखी मागणीच्या तारखेपासून कोर्ट वाजवी व्याज देऊ शकतं, पण त्या मागणीत 'व्याज मागणार आहे' हे शब्द असायला लागतात. नुसतं 'कृपया पैसे द्या' असं दहा वेळा मेल करून ते व्याज सुरू होत नाही.)

डेबिट नोटकडे वळू. पीओची नववी अट त्यांनीच लिहिली आहे : रिजेक्शन माल मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी कळवायचं. जुलैचा माल १७ तारखेला आत गेला, डेबिट नोट आली ऑक्टोबरात. करारातले सात दिवस गेले, कायद्यातले पंधराही गेले. त्याहून मजबूत पुरावा तुमच्या स्वतःच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या टीडीएसच्या उताऱ्यात आहे. जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा टीडीएस आता त्यात दिसायला हवा. कंपनीने जुलैच्या बिलाच्या पूर्ण रकमेवर टीडीएस कापून भरला असेल, तर याचा अर्थ ते बिल त्यांनी त्यांच्या पुस्तकात पूर्ण रकमेने जमा धरलं होतं. रिजेक्शन खरंच असतं तर तेव्हाच कमी केलं असतं. एवढ्याने कर्ज कबूल केलं असं होत नाही, पण डेबिट नोटची हवा निघते. उलट २६एएसमध्ये कुठल्या बिलाचा टीडीएस दिसतच नसेल, तर मागणीतून तो वजा करू नका, पूर्ण रक्कम मागा. कापलेलाही नाही आणि भरलेलाही नाही असा टीडीएस तुम्ही सोडून देण्यात अर्थ नाही.

पण स्वतःशी खरं बोला. त्या लॉटमधले काही पीस खरोखर मापाबाहेर गेले होते आणि तुम्ही फोनवर 'बघून घेतो' म्हणाला होता, असं असेल तर तेवढी रक्कम आधीच स्वतःहून कमी करा आणि तसं नोटिशीत लिहा. शंभर टक्के बरोबर असलेली ६,०५,००० ची मागणी ही दहा टक्के वादाच्या ६,३०,००० पेक्षा लवकर वसूल होते. खाली मी ते रिजेक्शन खोटं आहे असं धरून लिहिलं आहे.

कास्टिंग्ज मात्र अडवू नका. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कारागिराला माल अडवून ठेवता येतो हे खरं, पण ज्या मालावर तुम्ही काम केलं तोच माल, आणि त्याच कामाच्या मजुरीसाठी. जूनच्या बिलासाठी नोव्हेंबरात आलेला कोरा माल अडवता येत नाही. तुमच्याकडे पडलेल्या कास्टिंग्जवर टूल लागलेलंच नाही. तो माल त्यांचा आहे आणि त्यांच्याच चलनावर आला आहे. तो दिला नाहीत तर ते विश्वासघाताची पोलीस तक्रार करतील, आणि पैसे मागणारे तुम्ही आरोपीच्या जागी जाऊन बसाल. या कास्टिंग्जवर नवीन काम सुरू करू नका, एवढं पुरे. 'माल तयार ठेवला आहे, चलन पाठवून घेऊन जावा' असा एक मेल नोटिशीच्या आधी टाका. एखादा लॉट मशिनिंग होऊन तयार असेल आणि त्याची मजुरी बाकी असेल, तर तेवढा लॉट त्याच्या बिलासाठी ठेवता येतो. त्याआधी पीओत याविरुद्ध अट नाही ना, ते वकिलाला दाखवा.

नोटीस तुमच्याच लेटरहेडवर चालते. वकिलाची सही असलीच पाहिजे असा नियम नाही. मजकूर असा ठेवा :

> दिनांक : १० डिसेंबर २०२५
>
> प्रति,
> संचालक मंडळ,
> (पीओवर आहे तेच कंपनीचे पूर्ण नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता)
>
> विषय : थकीत रु. ६,३०,००० व त्यावरील व्याजाची अंतिम मागणी
>
> आपल्या पीओ क्र. … नुसार आम्ही केलेल्या जॉबवर्कचा माल आपल्या चाकण कारखान्यात पुढीलप्रमाणे पोचला असून चलनांवर आपला इनवर्ड शिक्का आहे :
>
> बिल क्र. … : माल पोच १६ जून २०२५, देय ३१ जुलै २०२५, रु. २,४०,०००
> बिल क्र. … : माल पोच १७ जुलै २०२५, देय ३१ ऑगस्ट २०२५, रु. १,८०,०००
> बिल क्र. … : माल पोच १६ ऑगस्ट २०२५, देय ३० सप्टेंबर २०२५, रु. २,१०,०००
>
> रकमा टीडीएस वजा करून दिल्या आहेत. आम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणीकृत आहोत (उद्यम क्र. …, प्रत सोबत). पीओतील अट ६ मधील ६० दिवसांची मुदत एमएसएमईडी कायदा, २००६ च्या कलम १५ नुसार ४५ दिवसांपुरती मर्यादित आहे. ६० दिवसांचा हिशोब धरला तरीही तिन्ही बिलांची मुदत संपली आहे.
>
> कलम १६ नुसार ३० नोव्हेंबर २०२५ अखेर व्याज रु. २८,०५६ होते (तक्ता सोबत). १ डिसेंबरपासून रक्कम मिळेपर्यंतचे व्याज वेगळे देय राहील.
>
> जुलैच्या मालाबाबत ऑक्टोबरमध्ये पाठवलेली रु. ३८,००० ची डेबिट नोट आम्हाला मान्य नाही. पीओच्या अट ९ नुसार रिजेक्शन सात दिवसांत लेखी कळवणे आवश्यक होते. तसे कळवलेले नाही.
>
> एकूण रु. ६,५८,०५६ शुक्रवार, २६ डिसेंबर २०२५ रोजी सायंकाळी ५ पर्यंत खालील बँक खात्यात जमा करावेत. तोपर्यंत पूर्ण रक्कम न मिळाल्यास पुढील सूचना न देता कलम १८ नुसार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे अर्ज दाखल केला जाईल.

खाली बँकेचा तपशील, सही, शिक्का. सोबत पीओ, बिलं, शिक्क्याची चलनं, व्याजाचा तक्ता, उद्यम प्रमाणपत्र.

'६० दिवस धरले तरीही' हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. ते कायद्याच्या अर्थावर वाद घालायला लागले तर त्या वादाने त्यांचा काही फायदा होत नाही, हे त्यात दिसतं. जीआरएनपासून मोजले तरी ऑगस्टच्या बिलाची मुदत केव्हाच उलटली आहे ना, तेवढं सही करण्याआधी तपासून घ्या.

मुदत 'नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत' अशी लिहू नका, कारण मग ती कधी मिळाली यावरच वाद सुरू होतो. तारीख, वार, वेळ लिहा. २५ तारखेला नाताळची बँक सुट्टी आहे, म्हणून २६.

काय घालायचं नाही, तेही महत्त्वाचं. 'फसवणुकीचा गुन्हा दाखल करू' हे वाक्य काढा. पैसे थकवणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही. 'एनसीएलटीत जाऊ' हेही नको, त्या कंपनी न्यायाधिकरणात कंपनीविरुद्ध जायला किमान एक कोटीची थकबाकी लागते आणि त्यांच्या वकिलाला हे पहिल्या वाक्यात कळेल. व्याज सोडायची तयारीही नोटिशीत दाखवू नका. मला विचाराल तर मुद्दल एकरकमी आलं तर व्याजावर तडजोड करावी, पण ती फोनवर, त्यांनी विषय काढल्यावर.

एक गोष्ट नोटिशीत न घालता त्याच दिवशी त्यांच्या अकाउंट्स मॅनेजरला वेगळ्या मेलने कळवा. जीएसटीत बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुमच्या जूनच्या बिलाचे १८० दिवस १३ डिसेंबरला भरतात, म्हणजे नोटीस पोचेपर्यंत. शिवाय सूक्ष्म-लघु उद्योगाची मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही, तर आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे तो खर्च त्यांना त्या वर्षात मिळत नाही. हे धमकीच्या सुरात लिहू नका. 'आपल्या माहितीसाठी' म्हणून दोन ओळी पुरतात. माझ्या पाहण्यात अशा प्रकरणांत पैसे हलतात ते बहुतेक वेळा इथून, कारण पर्चेसला तुमच्या बिलाचं काही वाटत नसलं तरी अकाउंट्सला स्वतःच्या क्रेडिटचं वाटतं.

पाठवायची कशी? रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे काउंटरवर स्पीड पोस्ट आणि सोबत पोचपावती मागा. एक प्रत नोंदणीकृत कार्यालयाला, एक कारखान्याला. नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतो, व्हिजिटिंग कार्डावरचा नको. त्याच दिवशी पीडीएफ मेल करा, ज्या मेलवरून पीओ येतात त्यावर आणि संचालकांच्या मेलवर. पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर उघडू नका, तसंच फाईलला लावा. बरोबर पत्त्यावर गेलेली आणि नाकारलेली नोटीस मिळाली असंच धरलं जातं.

२७ आणि २८ तारखेला शनिवार-रविवार आहे. पैसे आले नाहीत तर सोमवारी २९ ला अर्ज करा, त्यासाठी कागद आत्ताच स्कॅन करून ठेवा. अर्ज एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर होतो आणि पुरवठादार जिथला तिथल्या परिषदेकडे जातो, म्हणजे ते तुम्हाला दुसऱ्या शहरात पळवू शकत नाहीत. पीओच्या चौदाव्या अटीत त्यांच्या पसंतीचा लवाद लिहिला आहे, त्यानेही हा रस्ता बंद होत नाही. परिषद आधी समेट घडवायला बघते, नाही जमलं तर लवादाकडे जातं. कायद्यात ९० दिवस आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी तयारी ठेवा. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना तो कोर्टात उलटवायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. बऱ्याच कंपन्या इथपर्यंत येत नाहीत, त्याचं कारण हेच कलम आहे.

नोटीस गेली म्हणजे मुदतीचा कायदा थांबला असं समजू नका. वसुलीचा दावा करायला साधारण तीन वर्षं मिळतात, आणि तुम्ही कितीही नोटिसा पाठवल्या तरी ती वाढत नाहीत. ती वाढतात त्यांनी लेखी कबुली दिली तर. म्हणून नोटिशीच्या दोन-तीन दिवस आधी टॅलीतून लेजर काढून 'कृपया बॅलन्स कन्फर्म करा' असा साधा मेल टाका. अकाउंट्सचा एखादा मुलगा सवयीने 'कन्फर्म्ड' लिहून पाठवतो, आणि मग ३८,००० ची डेबिट नोट त्या बॅलन्समध्ये आहे की नाही तेही कळतं.

बहुधा असं होईल की २४-२५ तारखेला तुमच्या खात्यात लाख-दीड लाख येतील, सोबत फोन येईल : 'आता सुरू केलंय, बाकीचं जानेवारीत.' पैसे ठेवून घ्या. त्याच दिवशी मेल करा की अमुक रक्कम मिळाली, ती आधी व्याजात आणि उरलेली जूनच्या बिलात जमा केली, बाकी एवढी राहिली आणि २६ डिसेंबरची मुदत कायम आहे. मग २९ ला अर्जात तेवढा आकडा बदला.